घोटा मुरगळल्यानंतर पुन्हा मैदानात

श्रोतेहो, नमस्कार. खो-खोत खांबाला वळसा घालताना पाऊल आत दुमडतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध ताणला जातो. समजा, आठवीतल्या एका मुलीचं असं झालंय.

आधी हाड तपासा. दोन्ही बाजूंच्या घोट्याच्या हाडांवर, टोकापासून मागच्या कडेने सहा सेंटिमीटर वरपर्यंत बोटाने दाबा. पावलाच्या बाहेरच्या कडेवर मधोमध जो उंचवटा असतो तोही दाबा, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाडही. यांतल्या एखाद्या हाडावर दुखलं, किंवा तिला चार पावलंही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायलाच हवा. या वयात हाडाचा वाढता भाग नाजूक असतो, त्यामुळे ‘नुसतं लचकलंय’ असं ठरवण्याची घाई नको.

हाड शाबूत असेल तर पहिले दोन-तीन दिवस विश्रांती. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा ते वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा लावा. क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधत जा. बोटं गार पडली किंवा मुंग्या आल्या तर ते सोडून सैल बांधा. झोपताना पाय उशीवर. गरम शेक आणि तेलाचं मालिश हे आपल्याकडचे हमखास उपाय, पण या दिवसांत त्यांनी सूज वाढते.

मग जमेल तेवढं चालणं, आणि बसून अंगठ्याने हवेत अक्षरं गिरवणं. लंगडणं थांबलं की भिंतीला धरून टाचा उचलायच्या, दहा-दहाचे तीन फेरे; आधी दोन्ही पायांवर, नंतर एकावर.

आता सगळेच जण गाळतात तो टप्पा. अस्थिबंधात पावलाची स्थिती कळवणारे मज्जातंतू असतात. दुखापतीनंतर त्यांची खबर उशिरा पोचते, म्हणून दुखणं थांबलं तरी घोटा पुन्हा दगा देतो. यासाठी भिंतीजवळ अनवाणी, दुखऱ्या पायावर तीस सेकंद उभं राहायचं, तीनदा, रोज. गुडघा किंचित वाकलेला. ते सहज जमलं की डोळे मिटून, मग घडी घातलेल्या चादरीवर, मग कुणीतरी टाकलेला चेंडू झेलत. पाऊल थरथरतं ते चालेल; दुसरा पाय सारखा टेकत असेल तर एक पायरी मागे या.

मैदानाची परवानगी कॅलेंडर बघून देऊ नका. सौम्य दुखापतीला एक-दोन आठवडे लागतात, मध्यमला तीन ते सहा, पण खरी कसोटी दोन पायांच्या तुलनेत आहे. पायाचं बोट भिंतीपासून थोडं दूर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. हे अंतर दोन्ही पायांचं जवळपास सारखं हवं. एका पायावर लंगडी घालत तीन उड्या मारल्या तर तेही अंतर जवळपास सारखं पडावं. मग सरळ धावणं, त्यानंतर इंग्रजी आठच्या आकारात धावणं, आणि सगळ्यात शेवटी खांबाचा वळसा, आधी अर्ध्या वेगाने. दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा सुजलेला दिसला तर आदल्या दिवशीचं काम जास्त झालं. एका पायावरचा तोल मात्र संघात परतल्यावरही, खेळाआधीच्या वॉर्म-अपमध्ये, पूर्ण हंगामभर चालू ठेवायचा.