सव्वा, दीड, अडीच: इंग्रजीत नेमके कसे सांगायचे?

नमस्कार, श्रोतेहो. सव्वा, दीड, अडीच, पावणे, साडे हे शब्द आपण दिवसभर सहज वापरतो. तेच इंग्रजीत सांगायची वेळ आली की आकडे घसरतात, आणि कागदावर घसरलेला आकडा पुढे फार महागात पडतो. म्हणून आज एकच वाक्य घेऊन बसू या. समजा, घरच्या जुन्या पत्रात लिहिलंय: ‘आपल्या अडीच एकरांपैकी सव्वा एकर पावणेदोन लाखांना विकली. मोजणीला सव्वादोन तास लागले.’

सुरुवात पावणेदोन लाखांपासून करू, कारण सगळ्यात जास्त चूक इथेच होते. ऐकणाऱ्याच्या कानात ‘दोन’ आणि ‘पाऊण’ असे दोन तुकडे शिरतात. तो त्यांची बेरीज करतो आणि पावणेतीन लाख लिहून मोकळा होतो. पावणे हा शब्द संस्कृत ‘पादोन’वरून आला आहे. पादोन म्हणजे पाव उणे, पाव कमी. म्हणजे दोनांतून पाव वजा करायचा. आता हा पाव कशाचा? तर मागून येणाऱ्या लाखाचा, म्हणजे पंचवीस हजारांचा. दोन लाखांतून पंचवीस हजार गेले की उरतात १,७५,०००. परदेशी वाचकाला लाख कळत नाही, म्हणून त्याच्यासाठी ‘वन हंड्रेड अँड सेव्हन्टी-फाइव्ह थाउजंड’ म्हणायचं आणि स्वल्पविरामही हलवून 175,000 असं लिहायचं.

‘पाव कशाचा’ हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावाच लागतो. सव्वादोनशेतला पाव शंभराचा, म्हणून ते २२५. सव्वादोन हजारांतला पाव हजाराचा, म्हणून ते २,२५०. आणि सव्वाच्या पुढे आकडाच नसेल, तर तिथे एक गृहीत असतो: सव्वाशे म्हणजे १२५. पाऊण मात्र एकाहून कमी, म्हणून पाऊणशे म्हणजे ७५. ज्यांनी लहानपणी पावकी, निमकी, दिडकी घोकली, त्यांना हे सांगावं लागत नाही. ते पाढे शाळेतून गेले, याची मला मनापासून हळहळ वाटते.

आता जमीन. सव्वा एकर म्हणजे ‘वन अँड अ क्वार्टर एकर्स’. एकाच्या वर गेलं की इंग्रजीत अनेकवचन येतं. दशांशात लिहायचं तर १.२५. पण आपल्याकडे एकराचे चाळीस गुंठे. त्यामुळे सव्वा एकर म्हणजे एक एकर दहा गुंठे, आणि कित्येक जण ते १.१० असं टिंब देऊन लिहितात. इंग्रजी वाचणारा त्याचा अर्थ एक पूर्णांक एक दशांश एकर असा घेणार, म्हणजे एक एकर चार गुंठे. सहा गुंठे जागच्या जागी गायब! अडीच एकरांचंही तसंच: २.२० लिहिलं तर ते दोन एकर आठ गुंठे वाचलं जाईल. म्हणून इंग्रजीत एक तर २.५ लिहा, नाही तर ‘टू एकर्स ट्वेंटी गुंठाज’ असं एकर-गुंठे वेगळे करून लिहा. टिंब देऊन गुंठे लिहू नका.

तासांतही हाच धोका आहे. सव्वादोन तास म्हणजे दोन तास पंधरा मिनिटं, दशांशात २.२५. कामाच्या तासांचा हिशेब मांडताना २.१५ लिहिलं, तर सहा मिनिटं बुडाली. कालावधी सांगताना ‘टू अँड अ क्वार्टर अवर्स’ म्हणा. घड्याळातली वेळ असेल तर रचना बदलते. सव्वादोनला म्हणजे ‘अ क्वार्टर पास्ट टू’, दीडला ‘हाफ पास्ट वन’, अडीचला ‘हाफ पास्ट टू’. पावणेतीनला इंग्रजी अगदी आपल्यासारखीच बोलते: ‘अ क्वार्टर टू थ्री’, तीनाला पाव कमी. एवढं मात्र पाहा, की पाऊण वाजता म्हणजे पावणेएक, ‘अ क्वार्टर टू वन’. पाऊण तास झाला तर तो ‘थ्री क्वार्टर्स ऑफ अॅन अवर’.

शेवटी एक भेद सांगतो. पत्रातला सव्वा एकर मोजलेला आहे, तो तसाच उतरायला हवा. पण ‘सभेला दीडशे माणसं होती’ असं कुणी म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याने डोकी मोजलेली नसतात. इंग्रजीत नुसतं ‘वन हंड्रेड अँड फिफ्टी’ लिहिलं की ती मोजदाद वाटते. तिथे आधी ‘अबाउट’ जोडावं. ‘दीड-दोन तास’ असेल तर ‘वन अँड अ हाफ टू टू अवर्स’ म्हणावं, आणि दोन टोकांतलं एकच निवडून दुसरं गाळू नये.