रेनकोट शिवणीतूनच का गळतो?

हा रेनकोट आम्ही उलटा केलाय, बाहीचं मनगटाकडचं तोंड दोरीने घट्ट बांधलंय आणि आता बाहीत पाणी ओततोय, म्हणजे कापडाची पावसाकडची बाजू आत पाण्यात आणि अंगाकडची बाजू आपल्यासमोर. कापड कोरडंच आहे. पण काखेपासून मनगटापर्यंत जी शिवण जाते ना, तिथे बघा, टाक्याटाक्यावर थेंब फुगायला लागलेत.

पाणी अडवतो तो नायलॉनच्या आतल्या बाजूचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकच्या कोटिंगचा पातळ थर. 12 नंबरची सुई साधारण 0.8 मिलिमीटर जाड असते, ती बाहेर निघाली की विणीतले धागे थोडे मागे सरकतात पण कोटिंगला पडलेलं भोक काही बुजत नाही, आणि त्यातला दोरा सुईपेक्षा बारीक असल्यामुळे भोवती फट राहतेच. शिवाय दोराही पाणी ओढतो, दिव्याची वात तेल ओढते तसं. सेंटिमीटरला 4 टाके धरले तर 45 सेंटिमीटरच्या शिवणीत झाली 180 भोकं! त्यात खांद्यावर बॅगेचा पट्टा दाबत असेल तर पाणी आणखी जोरात आत ढकललं जातं.

म्हणून शिवणीवर आतून टेप लावतात, साधारण 2 सेंटिमीटर रुंद, वर पातळ फिल्म आणि खाली उष्णतेने वितळणारा गोंद. मशीनवर टेप आणि कापड रोलरखाली जायच्या अगदी आधी नळीतून गरम हवेचा झोत गोंदावर येतो, गोंद पातळ होतो, रोलर तो भोकांत आणि दोऱ्याभोवती दाबून बसवतो आणि थंड होताना तो तिथेच घट्ट होतो. खरं कसब वेग सांभाळण्यात आहे, कापड हळू सरकलं तर कोटिंग करपतं आणि फार भरभर गेलं तर गोंद अर्धवट वितळतो, टेप दिसायला एकदम छान पण काही धुण्यांतच कडा सुटायला लागतात.

आपल्या बाहीचंही तेच झालंय, नखाने कड उचलली तर टेप सरळ निघून येतेय. ती पूर्ण काढली, जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, वाळू दिला, मग नवीन टेप ठेवून वर सुती कापड घालून मध्यम गरम इस्त्री दाबली आणि गार होईपर्यंत हलवलं नाही. हे जमतं ते कोटिंग शाबूत असेल तरच, त्याचेच पापुद्रे निघत असतील तर टेप धरणार कशाला?

परत पाणी भरलं. शिवण कोरडी आहे, फक्त काखेत, जिथे शिवणी एकमेकींवर येतात, तिथे एक थेंब आलाच. तिथे कापडाचे थर चढून पायरी होते, टेप पायरीला नीट चिकटत नाही आणि कडेला बारीक बोगदा राहतो. तेवढ्यासाठी टेपचाच एक गोल तुकडा कापून इस्त्रीच्या टोकाने दाबून बसवला.