टाच चिमटीत धरून बघा

आधी एक काम करा, बोलायला नंतर सुरुवात करतो. उजव्या पायातली चप्पल काढा आणि टाचेच्या दोन-तीन बोटं वर, मागच्या बाजूला जी ताणलेली दोरी लागते ना, ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा. पाय सैल सोडा. आता चिमूट वर-खाली सरकवून बघा. बहुतेकांना एक चपटी, गुळगुळीत, साधारण पेन्सिलीपेक्षाही पातळ पट्टी लागेल आणि तिच्या दोन्ही बाजूंना खळगा लागेल. हे अकिलीस टेंडन, पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी दोरी. पुस्तकी मराठीत कंडरा म्हणतात, पण ओपीडीत सगळे "टाचेची शीर"च म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे. कुणाला ती शीर जाड, गाठीगाठीची, दोन्हीकडचा खळगा बुजलेला अशी लागली असेल तर घाबरू नका, कार्यक्रम झाल्यावर मला भेटा, पण भेटा नक्की.

आता ज्याच्यामुळे मी शिरेतल्या कोलेस्टेरॉलच्या गाठींचा हा विषय घेतला त्याची गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. वय ३६, धनकवडीला राहतो, सडपातळ, दर रविवारी सिंहगड चढणारा. टाचेमागे दुखतं म्हणून आला. दोन वर्षं अधूनमधून दुखायचं, चार दिवस सूज, मग कमी, आणि सगळ्यांनी खापर सिंहगडावर फोडलेलं. बूट बदलून झाले, बर्फ लावून झाला, एका ठिकाणी तर "गाठ आहे, कापून काढू" असंही सांगितलेलं. मी दोन्ही टाचा धरल्या तर दोन्हीकडे सारखीच जाड, जवळजवळ बोटाएवढी शीर, कडक आणि खडबडीत. त्याला पंजा वर-खाली करायला सांगितलं तर गाठ शिरेबरोबरच हलत होती, वरची कातडी मात्र मोकळी. मग हात बघितले. मूठ वळवली की बोटांच्या पेरांवर, जिथून बोटं सरळ करणाऱ्या शिरा जातात तिथेही बारीक कडक दाणे. लिगामेंट दुखावलं असतं तर बहुधा एकाच पायाला, आणि हातावर हे कशाला येईल?

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण लोक फसतात ते इथेच. इंटरनेटवर लिहिलेलं असतं "पिवळ्या गाठी", म्हणून लोक पिवळं शोधतात. शिरेतली गाठ बाहेरून पिवळी दिसत नाही, तिच्यावरची कातडी तुमच्या नेहमीच्या रंगाचीच असते, चरबी आत खोल असते. ती डोळ्यांनी नाही, बोटांनी सापडते. पिवळं दिसतं ते पापणीवर.

आता ही चरबी तिथे येते कशी. रक्तात कोलेस्टेरॉल एलडीएल नावाच्या बारीक कणांत भरून फिरतं. लिव्हरच्या पेशींवर हे कण पकडून आत ओढणारे हूक असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना, आणि हे शोधल्याबद्दल ब्राऊन आणि गोल्डस्टीन या दोघांना १९८५ साली नोबेल मिळालं. काही घराण्यांत या हुकांच्या जीनमध्येच जन्मापासून दोष असतो. आई किंवा वडील, एकाकडून दोष आला तर साधारण निम्मेच हूक कामाचे राहतात, त्यामुळे एलडीएल रक्तात जास्त वेळ फिरत राहतं, पहिल्या वाढदिवसापासून नव्हे, आईच्या पोटात असल्यापासून. मग ते रक्तवाहिनीच्या भिंतीत झिरपतं आणि जिथे सारखा ताण आणि घासणं आहे अशा शिरांतही झिरपतं. तिथे साफसफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत, नुसत्या फुगतात, मायक्रोस्कोपखाली फेसासारख्या दिसतात. टाचेत त्यांचा ढीग झाला की झँथोमा, हृदयाच्या नळीत झाला की ब्लॉकेज. माल एकच आहे हो, फक्त टाच आपल्याला हातात धरता येते आणि हृदयाची नळी येत नाही.

याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात, आपण घराण्याचं कोलेस्टेरॉल म्हणू. साधारण अडीचशे ते तीनशे माणसांमागे एकाला असतं. म्हणजे एखाद्या मोठ्या सोसायटीत दोन-तीन जण सहज निघतील, आणि त्यांतल्या बहुतेकांना पत्ता नसतो.

आता आपल्या सिंहगडवाल्याचा रिपोर्ट सांगतो. टोटल कोलेस्टेरॉल ३५२, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड १४०. एलडीएल काढायचा साधा हिशोब असा, टोटलमधून एचडीएल वजा करा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा. ३५२ वजा ४१ वजा २८, उरले २८३. मोठ्या माणसाचं एलडीएल १९० च्या वर गेलं की आम्ही घराण्याचा विचार करायलाच लागतो, इथे तर २८३. पण आकडा बघून लगेच शिक्का मारायचा नाही. थायरॉईड कमी असेल, लघवीतून प्रोटीन जात असेल, लिव्हरमधून पित्त अडलं असेल तरी कोलेस्टेरॉल चढतं, म्हणून टीएसएच, लघवी, लिव्हर हे आधी बघितलं. सगळं ठीक होतं. मग विचारलं, घरात कुणाला? तर वडील ४६ व्या वर्षी झोपेतून उठले, छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेले. "टेन्शन फार घ्यायचे" असं घरात ठरलेलं होतं.

यासाठी डच डॉक्टरांनी केलेली एक गुणपद्धत जगभर वापरतात. त्यात शिरेतल्या गाठीला ६ गुण, २५० ते ३२९ मधल्या एलडीएलला ५, आणि वडिलांना पंचावन्नच्या आत हार्टचा त्रास याला १. झाले १२. आठच्या वर गेलं की निदान पक्कं. जीन टेस्ट न करताही पक्कं.

याच पद्धतीत डोळ्यातल्या रिंगला ४ गुण आहेत, पण पंचेचाळिशीच्या आत दिसली तरच, आणि गाठ आणि रिंग दोन्ही असली तरी गुण एकाचेच, मोठ्याचे धरायचे. मगाशी सुरुवातीलाच पुढच्या रांगेतल्या आजींनी मला थांबवून विचारलं, माझ्या बुबुळाभोवती राखाडी कडं आहे, मला हार्टचं काही आहे का. आजी, तुमचं वय ७४ म्हणालात ना, या वयात ते कडं फार लोकांना असतं, त्याच्यावरून काळजी करू नका. बुबुळावरच्या पारदर्शक काचेत, कॉर्नियात, कडेला चरबी साठते. आधी वर आणि खाली कमानीसारखी येते, मग दोन्ही टोकं जुळून रिंग होते, आणि नीट बघितलं तर रिंग आणि पांढरा डोळा यांच्यामध्ये एक बारीक स्वच्छ पट्टी उरते. नजरेला काही होत नाही, मोतीबिंदूशी संबंध नाही आणि ऑपरेशनची गरज नाही. पण हीच रिंग तुमच्या तिशीतल्या नातवाच्या डोळ्यात दिसली तर मात्र आठवड्याच्या आत त्याचं लिपिड प्रोफाइल करून घ्या. आमच्या या पेशंटच्या दोन्ही डोळ्यांत वरची पापणी उचलल्यावर पुसट कमान होती, आरशात रोज बघूनही त्याला कधी दिसली नव्हती कारण ती पापणीखाली झाकलेली.

आणि पापणीवरचे पिवळे चट्टे, झँथेलाझ्मा. नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात, बहुतेक वरच्या पापणीवर, मऊ, चपटे. लोक सगळ्यात जास्त येतात ते यासाठी, कारण चेहऱ्यावर दिसतं, आणि लेझरने काढूनही घेतात. पण एकट्या चट्ट्यावरून घराण्याचं कोलेस्टेरॉल म्हणता येत नाही, वरच्या गुणपद्धतीत त्याला एकही गुण नाही, साधारण निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल नॉर्मलच निघतं. मग सोडून द्यायचं का? नाही. कोपनहेगनमध्ये बारा हजारांहून जास्त माणसं कित्येक वर्षं बघून २०११ साली निष्कर्ष आला की कोलेस्टेरॉलचा हिशोब बाजूला काढला तरी असे चट्टे असलेल्यांना हार्ट अटॅक जास्त येतात, रिंगबाबत मात्र तसं दिसलं नाही. म्हणून चट्टा काढायला माझी हरकत नाही, फक्त त्याच्या आधी लिपिड, शुगर आणि बीपी बघा. आणि काढल्यावर परत येऊ शकतो हेही माहीत असू द्या.

उलट बाजूही सांगतो. गाठ नाही म्हणजे आजार नाही असं नाही. मुलांमध्ये गाठी सहसा नसतात, त्या वयाबरोबर वाढतात, आणि मोठ्यांतही हा दोष असून टाच साफ असलेले खूप आहेत. गाठ सापडली तर निदान जवळ येतं, नाही सापडली तर रक्ताचा रिपोर्टच खरा.

आता उपचार, आणि त्यात काय बिघडलं ते. त्याने तूप, चीज, मटण सगळं सोडलं, महिन्याने एलडीएल २८३ चं २५५ झालं. हे अपेक्षितच होतं, हूकच कमी आहेत तर पथ्याने दहा-पंधरा टक्के उतरतं, फार नाही. मग रोसुव्हास्टॅटिन २० चालू केली, सहा आठवड्यांनी १३१. सोबत इझेटिमाइब १० दिली, १०४. तो खूश झाला, "डॉक्टर, नॉर्मल आलं" म्हणाला, आणि मला न सांगता दोन्ही गोळ्या बंद केल्या. सात महिन्यांनी परत टाच दुखली म्हणून आला तेव्हा २७६. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण चूक माझीही होती. ही गोळी ताप उतरवायची नाही, कमी पडलेल्या हुकांच्या जागी रोज काम करणारी आहे, गोळी थांबली की काही आठवड्यांत जैसे थे, हे मी पहिल्याच दिवशी इतक्या शब्दांत सांगायला हवं होतं. आता गोळ्या नियमित आहेत, रोसुव्हास्टॅटिन ४० केली, एलडीएल ९२ आहे. आम्हाला ७० च्या खाली हवंय, त्यासाठी इंजेक्शनं मिळतात, पण खर्च मोठा आहे, त्यावर त्याच्या घरच्यांशी बोलणं चालू आहे. सोनोग्राफीत टाचेची शीर १३ मिलिमीटर होती, तीन वर्षांनी ११ झाली. हळूच उतरते ती. कापायची गरज पडली नाही, आणि मूळ कारण तसंच ठेवून कापली असती तर परत आली असती.

राहिलं घर. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. म्हणून सातारला दिलेली त्याची बहीण, वय ४१, तिला बोलावलं. ती म्हणाली, मला काही त्रास नाही, मी रोज चालते. तिच्या टाचा धरल्या, डावी थोडी जाड वाटली, एलडीएल २४१. तिचाही उपचार चालू झाला. आणि त्याची मुलगी, नऊ वर्षांची. पायातले मोजे स्वतः काढून टाच पुढे केली तिने, बाबांची बघितली तशी माझी पण बघा म्हणून. शीर पातळ, गुळगुळीत, डोळे स्वच्छ. रिपोर्ट आला १९८. बालरोगतज्ज्ञांनी दुसऱ्यांदा तपासून घेतलं, घरचं खाणं बघितलं, आणि दहावं लागल्यावर तिला कमी डोसची गोळी चालू केली. या वर्षी तिचा आकडा १२२ आहे आणि ती बाबांबरोबर सिंहगडावर जाते.