तीन ग्लास, एकच माप

(दृश्य: टेबलावर तीन ग्लास. एकात बिअर, दुसऱ्यात वाइन, तिसऱ्याच्या तळाशी थोडीशी व्हिस्की.)

निवेदन: यांतली सर्वांत जास्त दारू कोणत्या ग्लासात आहे? डोळा बिअरकडे जातो. पण उंच ग्लासात ५ टक्क्यांची २५० मिलिलिटर बिअर आहे, शेजारी १२ ते १३ टक्क्यांची १०० मिलिलिटर वाइन, आणि तळाशी दिसते ती ४० टक्क्यांची ३० मिलिलिटर व्हिस्की. तिन्हींत शुद्ध अल्कोहोल जवळपास सारखंच, म्हणजे सुमारे १० ग्रॅम. हेच ते ‘स्टँडर्ड ड्रिंक’. मात्र हा आकडा जगभर एक नाही: ऑस्ट्रेलियात १० ग्रॅम, अमेरिकेत १४, ब्रिटनमधलं ‘युनिट’ ८ ग्रॅमचं.

(दृश्य: फसफसणारं पिंप, मग ऊर्ध्वपातनाचं तांब्याचं भांडं.)

ग्लास लहानमोठे का, याचं उत्तर यीस्टपाशी आहे. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल तयार करतं. बिअरच्या रसात साखर बेताची, म्हणून जोरही बेताचा. पिकलेल्या द्राक्षांत साखर भरपूर, त्यामुळे वाइन त्याच्या दुप्पट-अडीचपट चढते. पण साधारण १५ टक्क्यांच्या आसपास बहुतेक यीस्ट आपणच केलेल्या अल्कोहोलमध्ये दम तोडतं. त्यापुढे जायचं तर आच लागते. अल्कोहोल सुमारे ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला, म्हणून वर येणाऱ्या वाफेत अल्कोहोलचा वाटा जास्त असतो. ती थंड करून गोळा केली की मिळते कडक दारू. बाटलीत भरण्याआधी तिच्यात बहुधा पाणी घालावं लागतं, इतकी ती कडक असते.

(दृश्य: ८ टक्के असं छापलेले ५०० मिलिलिटरचे दोन कॅन.)

आता नेहमीचं वाक्य घ्या: “मी दोनच घेतल्या.” दोन कॅन म्हणजे १००० मिलिलिटर. त्याचे ८ टक्के, म्हणजे ८० मिलिलिटर अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक मिलिलिटर भरतं सुमारे ०.७९ ग्रॅम. ८० गुणिले ०.७९, झाले ६३ ग्रॅम. दहाच्या हिशेबानं ही सहाहून अधिक ड्रिंक्स झाली. खोटं कोणी बोललं नाही, मोजले मात्र कॅन.

(दृश्य: रुंद ग्लासात पाणी ओतणारा हात, मग तेच पाणी मापात.)

घरी अंदाज चुकतो तो हाताने. रुंद तोंडाच्या ग्लासात थोडीशीच दिसणारी वाइन १८० मिलिलिटर भरू शकते. तपासायचं तर नेहमीच्या ग्लासात सवयीप्रमाणे पाणी ओता आणि तेच मापाच्या भांड्यात रिकामं करा. व्हिस्कीत सोडा वाढवल्यानं चव सौम्य होते, ग्रॅम तेवढेच राहतात. आणि एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे प्यायला सुरक्षित एवढी दारू, असाही या शब्दाचा अर्थ नाही. ते फक्त मोजायचं माप आहे, जसं तांदळाला किलो.