मिनिटांची गोचीड, दिवसांची गोचीड

[दृश्य: म्हशीच्या कानामागे चिकटलेल्या फुगीर गोचिडी]

निवेदन:
गुरांच्या कानामागे, कासेजवळ दिसणाऱ्या या गोचिडी सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. या कठीण गोचिडी. यांच्या पाठीवर टणक ढाल असते. नराची ढाल पूर्ण पाठ झाकते, तर मादीची फक्त पुढचा भाग. म्हणून मादी मागच्या बाजूने हवी तेवढी फुगू शकते. तोंडाचे अवयव पुढे आलेले असतात आणि वरून पाहिलं तरी दिसतात.

[दृश्य: रात्र, टॉर्चच्या उजेडात कोंबड्यांच्या खुराड्याची फट]

आता या फटीत पाहा. चपटी, सुरकुतलेली, चामड्यासारखी. ही कोंबड्यांची मऊ गोचीड. पाठीवर ढाल नाही. तोंड पोटाच्या बाजूला, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला ते दिसतच नाही. दिवसा ती फटीत दडते आणि रात्री कोंबड्या झोपल्या की बाहेर येते.

दोघींमधला सर्वांत मोठा फरक मात्र घड्याळावर दिसतो.

कठीण गोचीड एकदा चावली की मुक्कामच करते. तिची लाळ त्वचेत सिमेंटसारखी घट्ट होते. पूर्ण वाढलेली मादी साधारण आठवडाभर रक्त पिते आणि त्यातलं बरंचसं रक्त शेवटच्या एखाद्या दिवसात ओढते. मग खाली पडते, हजारो अंडी घालते आणि मरते. वाढलेली मऊ गोचीड साधारण पंधरा मिनिटं ते तासाभरात पोट भरून निघून जाते. ती आयुष्यात अनेकदा रक्त पिते, दर वेळी थोडी थोडी अंडी घालते आणि काही जाती उपाशीपोटी वर्षानुवर्षं तग धरतात.

[दृश्य: काजूची बाग, पाचोळ्यातून चालणारे पाय]

सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला २०१६ साली माकडतापाची साथ आली होती. या तापाचा विषाणू पसरवणारी गोचीड कठीण जातीची. आजारी माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच पाचोळ्यात उतरतात. माणसाला बहुतेकदा चावते ती तिची अर्धवट वाढलेली पिल्लावस्था, तिळाएवढी. नेमका काजूचा हंगाम आणि या पिल्लांचा हंगाम एकत्र येतो.

कठीण गोचीड अंगावर टिकून राहते, म्हणून ती सापडते. अमेरिकेतल्या लाइम रोगात याचा मोठा फायदा होतो. त्याचे जंतू गोचिडीच्या आतड्यात असतात. रक्त मिळाल्यावर ते वाढतात, मग लाळग्रंथींपर्यंत पोहोचतात. याला बहुधा दीड-दोन दिवस लागतात. तेवढ्यात गोचीड काढली तर आजार बहुधा टळतो. पण हा हिशेब प्रत्येक आजाराला लावू नका. अमेरिकेतलाच पोवासान विषाणू कठीण गोचिडीतूनच जातो आणि त्याला मिनिटंही पुरतात. म्हणून दिसली की लगेच काढायची. बारीक चिमट्याने, त्वचेला अगदी लागून धरायची आणि सरळ वर ओढायची. रॉकेल नको, चटका नको.

[दृश्य: पाइनच्या जंगलातली लाकडी खोपटी]

मऊ गोचिडीसमोर हा उपाय चालत नाही. १९७३ साली अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन दरीच्या उत्तर काठावरच्या लाकडी खोपट्यांत राहिलेले ६२ जण तापाने आजारी पडले. हा उलटणारा, म्हणजे उतरून पुन्हा पुन्हा येणारा ताप होता. छपरात, भिंतींत उंदीर-खारींची घरटी आणि त्यात मऊ गोचिडी. अशा ठिकाणचे उंदीर मेले किंवा हाकलले गेले की उपाशी गोचिडी खाली झोपलेल्या माणसांकडे वळतात. या आजाराचे जंतू आधीपासूनच लाळग्रंथीत तयार असतात, त्यामुळे काही मिनिटांचा चावा पुरतो. चावा दुखत नाही आणि सकाळी अंगावर काहीच नसतं. बहुतेक रुग्णांना आपल्याला गोचीड चावली हेच माहीत नसतं.

म्हणून इथे अंग तपासण्यापेक्षा घर तपासावं लागतं. घरटी काढायची, उंदरांची ये-जा बुजवायची आणि त्याच वेळी फटींत गोचीडनाशक फवारायचं. नुसते उंदीर मारले तर धोका वाढतो.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा नमुना, पेशींमध्ये नागमोडी जंतू]

हा ताप साधारण तीन दिवस चढतो, उतरतो आणि आठवड्याभराने पुन्हा येतो. शरीर जंतूला ओळखून मारतं, पण त्यातले काही आपल्या पृष्ठभागावरचं प्रथिन बदलतात आणि पुन्हा वाढतात. म्हणून रक्त घ्यायचं ते ताप चढलेला असताना. दोन तापांच्या मधल्या दिवसांत जंतू इतके कमी असतात की काचपट्टी स्वच्छ दिसते आणि आजार निसटतो. डॉक्टरांना गोचीड चावल्याचं सांगता येत नसेल, तर गेल्या दोन-तीन आठवड्यांत कुठे झोपलो होतो ते तरी जरूर सांगावं.