भाजणीच्या रीलचं कव्हर

हा जो काळा कडप्प्याचा ओटा दिसतोय ना, तो लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे. काकू सोऱ्या फिरवतायत, चकली पडतेय, आणि समोर त्यांचा भाचा मोबाईल धरून उभा. काकू चकलीची भाजणी विकतात. रील 27 सेकंदांची, टाकून झालीये, चांगली झालीये. पण आता त्यांचं इन्स्टाग्राम प्रोफाईल बघा. एका ओळीत तीन चौकटी, आणि मधल्या चौकटीत काकूंचे डोळे अर्धे मिटलेले, हातात पिठासारखं काहीतरी. ते पीठ आहे, माती आहे की भाजणी, काही कळत नाही. कव्हर निवडायचंच राहिलं होतं, त्यामुळे जी फ्रेम आपोआप लागली ती लागली.

बरं, रील डिलीट करायची गरज नाही. एडिटमध्ये जाऊन कव्हर नंतरही बदलता येतं, व्ह्यूज तसेच राहतात. म्हणून भाचा परत बसला. सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे 27 सेकंदांत 810. बोट सरकवलं की वीस-वीस फ्रेम उडतात. चकली मोडतानाची फ्रेम सगळ्यात भारी असणार असं त्याला वाटलं होतं, पण हे बघा, बोटं धुरकट, तुकडे धुरकट. हात चालू असताना थांबवलेली फ्रेम अशीच येणार, मोठ्या स्क्रीनवर खपून जाते, चौकटीत नाही.

मग त्यांनी सरळ नवा फोटो काढला, कव्हर गॅलरीतूनही लावता येतं. पहिला स्टीलच्या ताटात, ताट चमकलं आणि चकली काळपट दिसायला लागली. दुसरा पिवळ्या कागदावर, तपकिरी चकली त्यात विरून गेली. तिसरा या ओट्यावर, खिडकीचा उजेड एका बाजूने. काटा न् काटा वेगळा दिसतोय, आणि मोडलेल्या तोंडाशी आतली जाळी. भाजणीचं पाकीट फोटोत कुठेच नाही, काकूंना ते जरा खटकलं. पण लोकांना भाजणी बघून भूक लागत नाही हो, चकली बघून लागते.

आता हेडलाईन. आधीची होती ‘घरगुती पारंपरिक चकली भाजणी, ऑर्डर सुरू’. हे दुकानाच्या पाटीवर ठीक. चौकट जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद, त्यात सहा शब्द म्हणजे मुंग्या. आणि देवनागरीची वेगळीच गंमत, अक्षर बारीक झालं की भ चा म होतो, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चक्क ‘माजणी’ वाचलं. त्यात अक्षरांना जाड काळी किनार दिली की पोटातल्या मोकळ्या जागा भरून जातात. भाच्याने ‘बालू’ हा जाड फाँट घेतला, पांढरा, किनार काढून टाकली, आणि दोन ओळींत जरा जास्त अंतर ठेवलं, कारण वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात.

शब्द मात्र काकूंच्याच फोनमधून मिळाले. गिऱ्हाईक बायका काय विचारतात? तेच लिहिलं. वर ‘चकली’, खाली ‘मऊ पडते?’ बस.

कुठे लिहायचं, तर रील 1080 बाय 1920 ची असते, पण जानेवारी 2025 पासून इन्स्टाग्रामच्या ग्रिडमधली चौकट 3:4 झाली, म्हणजे वरचे 240 आणि खालचे 240 पिक्सेल तिथे दिसतच नाहीत. वरच्या कोपऱ्यात रीलचं चिन्ह, खाली डावीकडे व्ह्यूजचा आकडा. म्हणून अक्षरं मधल्या भागात, जरा वरच्या बाजूला, आणि चकली त्यांच्या खाली.

एक गोष्ट मात्र आता सुधारता येत नव्हती. रीलच्या सुरुवातीला तीन सेकंद शंख वाजतो आणि लोगो फिरतो. कव्हर बघून चकली मऊ का पडते ते विचारायला आलेल्या माणसाला शंख ऐकवला तर तो थांबणारे का? कव्हर बदललं तरी व्हिडिओ तोच राहतो, तो टाकल्यावर परत कापता येत नाही. पुढच्या रीलला शंख नाही, पहिलंच वाक्य तोच प्रश्न, आणि काकू लगेच कढईशी.

ही शेवटची तपासणी बघा. भाच्याने कव्हर गॅलरीत इतर फोटोंच्या मध्ये, तीनच्या रांगेत ठेवलं आणि मोबाईल हातभर लांब धरला, समोर काकूंच्या सासूबाई, चष्मा नाही. त्या डोळे बारीक करून म्हणाल्या, ‘चकली... मऊ पडते? आच मोठी ठेवली असणार तिनं, वरून लाल, आत कच्ची.’

ऑर्डरी नंतर आल्या, पण तेव्हा आमचा कॅमेरा तिथे नव्हता. हे दृश्य त्याच दुपारचं, सासूबाई फोटोतलीच चकली उचलून खातायत.