दोन बोटं कमी

[दृश्य: सोलापूर, मे महिन्यातली रात्र. गच्चीवर अंथरुणं. लांबून यंत्रमागाची खटखट.]

दिवसभर तापलेली गच्ची आत्ता कुठे निवायला लागलीय. संध्याकाळी दोन बादल्या पाणी मारलं, तरी फरशी पाठीला अजून कोमट लागते. चार वर्षांच्या नातीला झोप येत नाही. तिला आज 'कृष्ण बांधला ती' गोष्ट हवी आहे. कालही तीच झाली होती.

आज्जी चादरीचं टोक हातात घेते. गोष्टीत दोरी लागणार आहे ना.

[दृश्य: आज्जीचे हात, जवळून.]

गोकुळातली सकाळ. घरातल्या बाया दुसऱ्या कामात, म्हणून यशोदा स्वतःच दही घुसळत बसलेली. घुर्रर्र घुर्रर्र, रवी फिरतेय. तेवढ्यात कृष्ण आला आणि त्यानं रवीच धरून ठेवली. भूक लागली होती त्याला. यशोदेनं त्याला मांडीवर घेतलं, पाजायला लागली, आणि तिकडे चुलीवरचं दूध आलं की वर! त्याला खाली ठेवून ती पळाली.

"अर्ध्यातच ठेवलं?" नात दर रात्री इथे विचारते.

"होय की. मग राग येणारच."

भागवताच्या दहाव्या स्कंधात हा राग फार बारकाईनं आलाय. लाल ओठ थरथरतात, पोरगं ते दातांखाली दाबतं, डोळ्यांत खोटं पाणी आणतं आणि दगड घालून दह्याचा डेरा फोडतं. ज्यानं हे लिहिलं त्यानं रुसलेलं मूल जवळून पाहिलं असणार.

डेरा फुटला. कृष्ण आत पसार. उखळ पालथं घातलं, वर चढला, शिंक्यातलं लोणी काढलं. थोडं स्वतःला, थोडं माकडाला. मधेच दाराकडे बघतोय, आई आली का? आई आलीच होती. मागून, पाय न वाजवता, हातात काठी घेऊन.

इथे आज्जी काठी नुसती दाखवते आणि लगेच टाकून देते. पोथीतही असंच आहे. यशोदेनं धावून धावून त्याला धरलं, तो रडायला लागला, डोळे चोळून चोळून काजळ गालभर झालं. पोरगं घाबरलंय हे दिसल्याबरोबर तिनं काठी फेकली. म्हणाली, बांधूनच ठेवते तुला.

[दृश्य: चादरीचं टोक नातीच्या पोटावरून फिरतं.]

आता आज्जीचा आवाज संथ होतो. झोप आणायची जागा हीच.

"दावं घेतलं. पोटाभोवती गुंडाळलं. किती कमी पडलं?"

"दोन बोटं."

आज्जी नातीच्या पोटावर दोन बोटं टेकवते. "मग दुसरं दावं जोडलं. किती कमी?"

"दोन बोटं..."

तिसरं जोडलं. घरातली सगळी दावी आणली. गवळणी दारात उभ्या राहून हसतायत. पोट तेवढंच आहे, चिमुकलं, आणि दोरी कितीही वाढवली तरी दोनच बोटं कमी.

या दोन बोटांवर जाणकारांनी पुष्कळ लिहिलंय. एक बोट माणसाच्या कष्टाचं, दुसरं देवाच्या कृपेचं, असा एक अर्थ लावतात. आज्जीला तो माहीत आहे, पण ती अंथरुणावर काढत नाही. तिचं म्हणणं, अर्थ सांगायला बसलं की पोरं जागी होतात.

"मग यशोदा दमली. घाम आला. वेणीतली फुलं गळाली. कृष्णानं बघितलं, आई लई दमली. म्हणाला, बरं, बांध."

आणि गाठ बसली. दाम म्हणजे दोरी, उदर म्हणजे पोट. म्हणून तो दामोदर.

खरं तर गोष्टीचा धडाका पुढेच आहे. बांधलेला कृष्ण उखळ ओढत दोन अर्जुनाच्या झाडांमधून जातो, उखळ आडवं अडकतं, तो हिसका देतो आणि दोन्ही झाडं कडाडून पडतात. त्यांतून नारदांच्या शापानं झाडं झालेले कुबेराचे दोन मुलगे बाहेर येतात. दिवसा ही गोष्ट सांगताना आज्जी टाळी वाजवून झाडं पाडते. रात्री मात्र ती कानाशी पुटपुटते, "झाडं पडली हं, हळूच." शाप ती गाळतेच. जवळ खेळणाऱ्या पोरांनी सगळं पाहिलं, पण मोठ्यांपैकी कित्येकांना खरं वाटेना, एवढं मात्र ती न चुकता सांगते. नातीला तेवढं फार आवडतं.

"मग नंदबाबा आले. हसले. गाठ सोडली."

[दृश्य: काळोख. यंत्रमाग चालूच.]

नातीचे डोळे मिटलेत. आज्जी चादर सरळ करून तिच्या पायांवर टाकते.

"आज्जी..."

"काय गं?"

"माकडाला लोणी पुरलं का?"

"पुरलं की. बोटं चाटत बसलं होतं."

"दोन?"

"दोन."

[पडदा काळा.]